छाती 40 म्हणजे नेमकी कोणाची? ऑनलाइन कुर्त्याचे माप ठरवताना आलेला अनुभव

आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी नवे कपडे शिवणे बंद करून फक्त दुरुस्तीची कामे घ्यायला सुरुवात केल्यापासून रोज ऑफिसला घालायचे कुर्ते मी ऑनलाइनच मागवते. अलीकडे मी एक सुती, सरळ कटाचा, तीन-चतुर्थांश बाहीचा, छापील नक्षीचा कुर्ता मागवला. त्याची साइज ठरवताना मी जो हिशेब केला, तो इथे आकड्यांसह मांडते आहे. एकच कुर्ता घेऊन लिहिण्याचे कारण असे की कोष्टक, कापड आणि फोटो या तिन्ही गोष्टी एकमेकींना कशा दुरुस्त करतात, हे एखाद्या उदाहरणाच्या तपशिलात शिरल्याशिवाय नीट लक्षात येत नाही.

आधी माझी मापे सांगते. अंगाची छाती साडेसदतीस इंच, कंबर 33, सीट म्हणजे नितंबांचा सर्वांत रुंद भाग 41, खांदा साडेचौदा आणि उंची 5 फूट 2 इंच. ही मापे घेताना टेप जमिनीला समांतर राहिली पाहिजे आणि कुर्त्याच्या आत जे कपडे नेहमी घालतो तेच अंगात असले पाहिजेत. शिवणकामाची टेप जुनी झाली की ताणली जाते आणि मग ती प्रत्यक्षापेक्षा कमी माप दाखवते, म्हणून मी ती अधूनमधून मुलाच्या कंपासपेटीतल्या स्टीलच्या पट्टीशी लावून बघते.

मात्र अंगाच्या मापांपेक्षा मला जास्त उपयोग होतो तो माझ्या अंगाला उत्तम बसणाऱ्या एका जुन्या सुती कुर्त्याच्या मापांचा. तो कुर्ता मी फरशीवर पालथा पसरते आणि चुण्या हाताने सारख्या करते, पण कापड ओढत नाही. मग एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत, मुंढ्याच्या साधारण एक इंच खाली आडवे माप घेते आणि त्याची दुप्पट करते. हे माप सव्वावीस इंच भरले, म्हणजे कुर्त्याची छाती साडेचाळीस झाली. माझी छाती साडेसदतीस असल्यामुळे या कुर्त्यात तीन इंच मोकळीक आहे, आणि एवढी मोकळीक मला आवडते, हे मला माहीत झाले. खांदा पाठीच्या बाजूने एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत साडेचौदा भरला. उंची गळ्यालगतच्या खांद्याच्या टोकापासून खालच्या पट्टीपर्यंत 44 भरली. उंची नक्की कुठून मोजली याची नोंद ठेवावी लागते, कारण काही विक्रेते ती पाठीच्या मध्यावर गळ्याखालून मोजतात आणि त्यामुळे इंचभराचा फरक सहज पडतो. दंडघेर, म्हणजे दंडावर बाहीचा घेर, साडेतेरा भरला. दंडघेर बहुतेक कोष्टकांत नसतो, पण न ताणल्या जाणाऱ्या सुती कापडात बाही दंडाला काचली तर बाकी सगळे माप बरोबर येऊनही कुर्ता कपाटातच राहतो.

आता मागवायच्या कुर्त्याचे कोष्टक. त्यात एम साइजला छाती 38, सीट 41, खांदा साडेचौदा. एलला छाती 40, सीट 43, खांदा 15. एक्सएलला छाती 42, सीट 45, खांदा साडेपंधरा असे आकडे होते आणि उंची सगळ्यांना 46 इंच होती. वरवर पाहिले तर माझी छाती साडेसदतीस, म्हणून एम घ्यावा असे कोणालाही वाटेल. खांदाही साडेचौदाच, जसा मला हवा तसा. पण पान सोडून पुढे जाण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावणे भाग होते. कोष्टकातला 38 हा आकडा अंगाचा आहे की कपड्याचा? तो अंगाचा असेल, तर ‘ज्या बाईची छाती 38 आहे तिने एम घ्यावा’ असा त्याचा अर्थ होतो आणि शिवताना त्यात दोन-तीन इंच मोकळीक आधीच धरलेली असते. तो कपड्याचा असेल, तर कुर्ताच 38 इंचांचा आहे आणि माझ्या अंगावर त्यात फक्त अर्धा इंच मोकळीक उरते. होजिअरीच्या टी-शर्टला अर्धा इंच पुरतो, कारण फाशांच्या विणीचे कापड ताणले जाते. पण मागावर विणलेल्या सुती कापडात अर्धा इंच मोकळीक असेल, तर वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलणेही कठीण होते. म्हणजे एम की एल, हा सगळा निर्णय या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होता.

काही संकेतस्थळांवर कोष्टकाचे दोन भाग असतात, एक अंगाच्या मापांचा आणि एक कपड्याच्या मापांचा, आणि मग काही शोधावे लागत नाही. इथे एकच तक्ता होता आणि वर नुसते ‘साइज चार्ट’ लिहिलेले होते. खांदा आणि उंची हे रकाने त्यात असल्यामुळे तक्ता कपड्याचा असावा असा अंदाज बांधता येतो, कारण 46 इंच उंची ही काही कोणाच्या अंगाची नसते. पण तेवढ्यावर विसंबणे बरे नाही. छातीचा रकाना अंगाचा आणि उंचीचा रकाना कपड्याचा, असे सरमिसळ तक्तेही मी पाहिले आहेत. म्हणून मी मॉडेलविषयीची ओळ शोधली. फोटोतल्या मॉडेलची उंची 5 फूट 8 इंच, छाती 33 इंच आणि तिने एस साइज घातली आहे, असे तिथे लिहिले होते. तक्त्यात एसची छाती 36 होती. हा 36 अंगाचा असता, तर 33 छातीच्या मॉडेलला तो कुर्ता चांगलाच ढगळ झाला असता, कारण शिवलेला कुर्ता 38 ते 39 चा भरला असता. फोटोत मात्र तो तिच्या अंगावर बेताने मोकळा दिसत होता. 36 वजा 33, म्हणजे तीन इंच मोकळीक, हा हिशेब जुळत होता. अर्थात फोटोसाठी मॉडेलच्या पाठीमागे कपडा चिमट्यांनी आवळण्याची पद्धत सर्रास आहे, त्यामुळे या पुराव्यालाही मी निम्मेच गुण दिले. खरा निकाल लागला तो ग्राहकांच्या फोटोंत. एका ग्राहक बाईंनी एल साइजचा कुर्ता पलंगावर पसरून त्यावर टेप ठेवून फोटो काढला होता आणि टेप काखेपासून काखेपर्यंत वीस दाखवत होती. वीस दुणे चाळीस. तक्ता कपड्याचा आहे हे पक्के झाले आणि एम बाद झाला.

आपल्याकडे हा घोळ होतो याचे एक कारण असे की एम, एल ही अक्षरे नेमक्या किती इंचांची, याविषयी सगळ्या उत्पादकांनी पाळावे असे एकच भारतीय कोष्टक अजून रूढ झालेले नाही. फॅशन तंत्रज्ञान शिकवणाऱ्या निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला तो यासाठीच. त्यात मुंबईसह 6 शहरांतल्या 15 ते 65 वयोगटातील 25 हजारांहून अधिक लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची योजना होती. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांच्या लेबलवर एस, एम, एल अशा खुणेबरोबर सेंटिमीटरमधला आकडाही द्यावा, अशी तरतूद 2022 मध्ये वजनमापांच्या नियमांत झाली, ती उपयोगी आहे. पण माझ्या कपाटातल्या कुर्त्यांची लेबले पाहिली, तर 102 सेंटिमीटर लिहिलेले दोन कुर्ते प्रत्यक्ष मोजल्यावर दीड इंचाने वेगळे भरतात, कारण एकावर तो आकडा अंगाचा आहे आणि दुसऱ्यावर कपड्याचा.

एम बाद झाल्यावर एल आणि एक्सएल यांच्यात निवड करायची राहिली आणि इथे कापडाचा तपशील कामाला आला. वर्णनात ‘100 टक्के सुती, कॅम्ब्रिक, अस्तर नाही, वेगळे हाताने धुवावे’ एवढीच माहिती होती. कॅम्ब्रिक हे पातळ, दाट विणीचे आणि अजिबात न ताणले जाणारे कापड आहे. इलास्टेन किंवा लायक्रा दोन-तीन टक्के जरी असता, तरी मोकळीक कमी धरून चालले असते. इथे तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता कापड धुतल्यावर आटण्याचा. कापड आधीच आटवलेले असेल, तर विक्रेते ते अभिमानाने लिहितात. इथे तसा उल्लेख नव्हता, म्हणून मी ते आटवलेले नाही असे धरून चालले.

माझा मामेभाऊ इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये आहे. त्याला मी फोनवर विचारले, “दादा, कॅम्ब्रिक किती आटतं?” तो म्हणाला, “किती ते प्रोसेसवर आहे. पण कुठल्या बाजूनं आटतं ते आधी बघ. मागावर ताणा म्हणजे उभे धागे ओढून धरलेले असतात आणि पुढं प्रोसेसमध्येही कापड लांबीतच ओढलं जातं. पाण्यात गेलं की ते मोकळं होतं. उंचीत जास्त आटेल, आडव्यात कमी.” कुर्ता बहुधा ताण्याच्या दिशेने उभा कापलेला असतो, त्यामुळे आटण्याचा फटका उंचीला आणि बाहीच्या लांबीला जास्त बसतो आणि छातीला कमी. साध्या सुती कापडाला उंचीत तीन टक्के आणि आडव्यात दीड टक्का धरावे, असे त्याचे म्हणणे पडले. “पाच टक्केही आटतं कधी कधी, छापाई स्वस्तातली असली की,” असेही त्याने पुढे जोडले.

त्या हिशेबाने एलची 46 इंच उंची धुतल्यावर साडेचव्वेचाळीसच्या आसपास येणार होती. मला 44 हवी असल्यामुळे उंचीची चिंता मिटली. छाती 40 वरून साधारण 39.4 वर येणार होती, म्हणजे माझ्या अंगावर मोकळीक उरणार दोन इंचांपेक्षा किंचित कमी. चालण्यासारखे, पण माझ्या आवडीच्या तीन इंचांपेक्षा बरेच घट्ट. एक्सएलची छाती धुतल्यावरही 41.4 राहिली असती आणि मोकळीक जवळजवळ चार इंच मिळाली असती. पण त्याचा खांदा साडेपंधरा होता, म्हणजे माझ्या खांद्यापेक्षा पूर्ण एक इंच जास्त. म्हणजे दोन्ही बाजूंना खांद्याची शिवण अर्धा-अर्धा इंच दंडावर उतरली असती आणि कुर्ता मागून घेतल्यासारखा दिसला असता.

अशा पेचात मी एक गोष्ट पक्की धरते. बाजूची शिवण सोडता किंवा आत घेता येते. खांदा दुरुस्त करायचा तर बाही पूर्ण उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो आणि त्याची मजुरी व कटकट पाहता रोजच्या कुर्त्याला ते परवडत नाही. म्हणून खांदा ज्या साइजला जवळ येतो ती साइज घ्यायची आणि छातीत काय करता येते ते बघायचे. एलचा खांदा 15, म्हणजे माझ्यापेक्षा अर्धाच इंच जास्त. तो चालणार होता. छातीसाठी कुर्त्याच्या आत माया किती आहे, हे कळणे आवश्यक होते. शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड म्हणजे माया. आपल्याकडच्या कुर्त्यांत बाजूच्या शिवणीला ती बऱ्याचदा ठेवलेली असते, तर पाश्चात्त्य धाटणीच्या टॉपना ओव्हरलॉक मारून ती जवळजवळ कापून टाकलेली असते. विक्रेत्याच्या वर्णनात मायेचा उल्लेख क्वचित येतो. ती बघायची तर पुन्हा ग्राहकांच्या फोटोंकडेच जावे लागते.

हे फोटो कसे पाहावेत, याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जण त्यात फक्त रंग खरा आहे का एवढेच बघतात. सर्वांत आधी मी ज्या फोटोखाली साइज आणि उंची लिहिलेली आहे तेवढेच वेगळे काढते. नुसता ‘छान आहे’ असा शेरा असलेल्या फोटोवरून मापाविषयी काहीच कळत नाही. मग आरशातल्या सेल्फीत मी फोन धरलेल्या हाताकडची बाजू सोडून देते. हात वर असला की त्या बाजूचा खांदा उचलला जातो, शिवण गळ्याकडे सरकते आणि खालची कड त्या बाजूला इंच-दोन इंच वर जाते. त्यामुळे कुर्ता आखूड आहे असा भास होतो. दुसऱ्या, खाली सोडलेल्या हाताकडे पाहिले की खांद्याची शिवण हाडावर बसली आहे की दंडावर उतरली आहे, हे स्पष्ट दिसते.

यानंतर चुण्यांकडे लक्ष द्यावे. काखेपासून छातीच्या उभाराकडे तिरप्या ओढलेल्या चुण्या दिसल्या, तर छातीत कापड कमी पडते आहे. दंडावर आडव्या वळ्या दिसल्या, तर बाही घट्ट आहे. काखेखाली उभ्या, सैल घड्या दिसल्या, तर कापड जास्त झाले आहे. सरळ कटाच्या कुर्त्यात सर्वांत बोलकी जागा म्हणजे बाजूचे कट. सीटवर कापड पुरेसे असेल तर पुढचा आणि मागचा पल्ला सरळ खाली लोंबतात आणि कट मिटलेला राहतो. सीट घट्ट असेल तर कट वरपासूनच फाकतो आणि आतली लेगिंग दिसू लागते. तक्त्यात एलची सीट 43 होती आणि माझी 41 आहे, म्हणजे दोन इंच मोकळीक. कट सीटच्या थोडा वरच सुरू होत असल्यामुळे ती पुरेल असे वाटत होते. साधारण माझ्याच उंचीच्या एका बाईंनी एल घालून बाजूने काढलेला फोटो सापडला आणि त्यात दोन्ही पल्ले सरळ होते. त्यांचे वजन माझ्यापेक्षा जास्त असावे, असे फोटोवरून वाटले; तेव्हा सीटचा प्रश्न संपला.

शेऱ्यांचा मजकूर वाचतानाही थोडी चाळणी लावावी लागते. ‘एक साइज मोठी घ्या’ असे अनेकींनी लिहिले होते. हा तक्ता कपड्याचा आहे हे कळल्यानंतर त्या शेऱ्यांचा अर्थ लागला; त्यांनी अंगाच्या मापाप्रमाणे साइज घेतली होती आणि साहजिकच ती लहान पडली. मी तक्त्यावरून एक साइज आधीच वर गेले होते. त्यावर पुन्हा त्यांच्या सल्ल्याने आणखी एक साइज वर गेले असते, तर तीच दुरुस्ती दोनदा झाली असती. दुसरे असे की बहुतेक शेरे पार्सल उघडल्या दिवशी, कपडा पाण्यात जाण्याआधी लिहिलेले असतात, म्हणून ‘अगदी परफेक्ट बसला’ या शेऱ्याला आटण्याच्या दृष्टीने फारशी किंमत नाही. शेऱ्यांतल्या शोधपट्टीत मी shrink आणि wash हे शब्द टाकून पाहिले. तेव्हा जे थोडे शेरे निघाले, त्यांत एकीने दोन धुण्यांनंतर उंची ‘बोटभर कमी’ झाल्याचे लिहिले होते. बोटभर म्हणजे बोटाची रुंदी की लांबी, हे त्या बाईंनाच ठाऊक. पण छाती घट्ट झाल्याची तक्रार कोणी केली नव्हती.

मायेचा फोटोही मिळाला, तोही एका नाराज ग्राहकाच्या शेऱ्यात. कुर्त्याचे धागे निघालेले दाखवण्यासाठी त्यांनी तो उलटा करून फोटो काढला होता. धाग्यांपेक्षा मला त्यात बाजूच्या शिवणीच्या आतली कापडाची पट्टी महत्त्वाची वाटली. तिच्या शेजारी त्यांचा अंगठा आला होता. अंगठ्याच्या रुंदीवरून ती पट्टी सुमारे इंचभराची असावी. इंचभर माया म्हणजे चांगलीच सोय असते. कुर्त्याला बाजूच्या दोन शिवणी असतात आणि प्रत्येक शिवणीत पुढचा व मागचा असे दोन पदर असतात. म्हणून शिवण पाव इंच बाहेर सरकवली की चार पदरांचे मिळून छातीत एक इंच वाढतो. अर्धा इंच सरकवली तर दोन इंच. एल घ्यायचे ठरले. दंडघेर तेवढा मी विक्रेत्याला प्रश्नोत्तरांच्या जागेत विचारला आणि ‘एलला 14 इंच’ असे उत्तर आले. माझ्या दंडाचा घेर 12 आहे, त्यामुळे तेही जमले.

पार्सल आल्यावर मी लेबल न काढता, कुर्ता अंगात घालण्याआधी, आधीच्या कुर्त्याच्याच पद्धतीने फरशीवर मोजला. काखेपासून काखेपर्यंत पावणेवीस भरले, म्हणजे छाती 40 ऐवजी साडेएकोणचाळीस. कारखान्यात एकावर एक अनेक थर रचून कापड कापले जाते, त्यात वरच्या आणि खालच्या थरात थोडा फरक पडतो. अर्ध्या इंचापर्यंतची कमीजास्त मी गृहीतच धरते आणि तक्त्याखाली बारीक अक्षरांत विक्रेत्यानेही तसे लिहिलेले होते. पण माझ्या हिशेबात हा अर्धा इंच जड होता. दीड टक्का आटल्यावर छाती 38.9 होणार आणि मोकळीक दीड इंचापेक्षाही कमी उरणार. कुर्ता परत करायचा तर तो न धुतलेला आणि लेबलसह असला पाहिजे, म्हणजे निर्णय पाण्यात घालण्याआधीच घेणे भाग होते.

मी आधी तो उलटा करून माया पाहिली. काखेपासून कटाच्या वरपर्यंत पट्टी एक इंच होती, फक्त कटाच्या तोंडाशी ती निमुळती झाली होती. मग अंगात घालून हात वर केले, खुर्चीत बसले आणि स्कूटरचे हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे केले. या शेवटच्या कृतीत पाठीवर कापड सर्वांत जास्त ताणले जाते, म्हणून आरशासमोर ताठ उभे राहून मिळालेल्या समाधानापेक्षा तिच्यावर माझा जास्त विश्वास आहे. पाठीत किंचित ओढ जाणवली, पण शिवणीवर ताण आला नाही. खांद्याची शिवण हाडाच्या किंचित पुढे बसली होती. मोकळीक कमी पडेल ती मायेतून भरून निघेल आणि खांदा तर बसलाच आहे, असा विचार करून कुर्ता ठेवून घेतला.

शिवण सोडण्याआधी कापड आटू देणे आवश्यक असते, कारण आधी सोडून मग धुतले तर पुन्हा मोजणी आलीच. कुर्ता साध्या पाण्यात रात्रभर भिजवून, न पिळता, सावलीत हँगरवर वाळवला. इस्त्री करून मोजल्यावर उंची 46 वरून साडेचव्वेचाळीस आणि छाती साडेएकोणचाळीसवरून 39 झाली होती. दादाचा अंदाज जवळजवळ तंतोतंत उतरला. कुर्ता घेऊन शिंपीकाकांकडे गेले आणि म्हटले, “काका, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच सोडता येईल का?” त्यांनी शिवण उलटी करून अंगठ्याने पट्टी चाचपली आणि म्हणाले, “माया आहे, पण अर्धा नको. कटाच्या तोंडाशी कापड नाही, तिथं झोल पडेल. पाव-पाव सोडतो, काखेपासून कमरेपर्यंत, आणि खाली आहे तिथं मिळवून देतो.” त्यांनी तसे केले. छाती 40 झाली आणि मोकळीक अडीच इंच आली. जुन्या शिवणीची बारीक भोके पहिल्या एक-दोन धुण्यांपर्यंत दिसत होती. कॅम्ब्रिकमध्ये ती पुढे मिटतात, रेशमी किंवा साटिनच्या कापडात मात्र ती कायमची दिसत राहतात, त्यामुळे अशा कापडात मायेच्या भरवशावर साइज ठरवू नये.

माझा कुर्ता पाहून नाशिकच्या थोरल्या जाऊबाईंनी त्याच विक्रेत्याकडून तशाच नक्षीचा, पण रेयॉनचा कुर्ता मागवायचे ठरवले आणि मला फोन केला. मी म्हटले, “वहिनी, माझा एल बघून एल मागवू नका. कापड वेगळं आहे.” रेयॉनच्या कुर्त्याचे कोष्टकही वेगळे निघाले, तिथे एमची छाती 39 आणि एलची 41 होती. वहिनींची छाती साडेछत्तीस. आटण्याचा विचार न करता पाहिले, तर एममध्ये अडीच इंच मोकळीक मिळते आणि रेयॉन मऊ, अंगाबरोबर पडणारे कापड असल्यामुळे ती पुरेशी आहे. पण रेयॉन पाण्यात फुगते आणि पहिल्या धुण्यात सुती कापडापेक्षा सहसा जास्त आटते. आडव्यात चार टक्के धरले, तर 39 चे साडेसदतीसच्याही खाली येतात आणि मोकळीक इंचभरसुद्धा उरत नाही. एलचे 41 मात्र 39.4 वर येतात आणि वहिनींना जवळपास तीन इंच मिळतात. खांद्यात अर्धा इंच जास्त जाणार होता, पण मऊ कापडात उतरलेला खांदा कॅम्ब्रिकसारखा ताठ उभा राहत नाही, त्यामुळे तो खपून जातो. त्या कुर्त्याच्या शिवणीचा आतला फोटो कोणीच टाकलेला नव्हता, म्हणून माया नाही असेच धरून आम्ही एल मागवला. ओले रेयॉन कमकुवत असते, तेव्हा ते पिळू नका आणि हँगरवर ओले लटकवू नका, पाण्याच्या वजनाने उंचीत ओघळते, एवढे मी त्यांना सांगितले. त्यांनी तो पंचावर आडवा पसरून वाळवला आणि मोजून मला कळवले की छाती सव्वाएकोणचाळीस भरली आहे.